प्रतिसाद: एक्स-रेत गॅस नाही, मग?

"उभ्या एक्स-रेत डायफ्रामखाली गॅस दिसला नाही तर परफोरेशन, म्हणजे जठराला किंवा आतड्याला भोक, नाही, असं व्हायवात सांगायचं का?"

नाही, दर चार-पाच पेशंटमागं एकात तरी तो दिसतच नाही. आमच्याकडं सोयाबीन काढणीच्या दिवसांत हमखास येणारी केस घ्या, गुडघ्यासाठी रोज पेनकिलर खाणारा मजूर, बेंबीच्या वर अचानक दुखलं आणि आता हलायलाही तयार नाही. आधी पल्स, बीपी, मग छातीपासून मांडीपर्यंत उघडं करून पोट श्वासाबरोबर हलतं का ते बघा, खोकायला लावा, दुखतं तिथून लांब हात ठेवून सुरुवात करा आणि नजर चेहऱ्यावर ठेवा. पोट फळीसारखं कडक लागलं की लिव्हर डलनेस, म्हणजे लिव्हरवर येणारा बद्द आवाज, ठोकून बघायचाच, तो गेला असेल तर एक्स-रेच्या आधीच अंदाज येतो. मग आतड्याचे आवाज, हर्नियाच्या जागा, शेवटी पीआर, म्हणजे गुदद्वारातून बोटानं तपासणी.

एक्स-रेआधी पेशंटला दहा मिनिटं ताठ बसवून ठेवा, गॅस वर चढायला वेळ लागतो, आणि हे घाईत कोणी करत नाही. बसवत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून काढा, गॅस लिव्हरच्या बाजूला दिसतो. तरी नाही दिसला तर रक्तातलं लायपेज तपासायला पाठवा, पॅन्क्रियाटायटिस असंच फसवतो, आणि मग सीटी. सलाईन, अँटिबायोटिक, नाकातून जठरात रायल्स ट्यूब मात्र आधीच सुरू पाहिजे.