मदत हवी आहे: आरडीचं सूत्र स्वतः मांडलं, पण तक्त्यापेक्षा 326 रुपये कमी येतायत

खडूफळा

आईने पोस्टात महिना 1000 रुपयांची आरडी उघडली आहे. पाच वर्षं, 6.7 टक्के. एजंट मावशींच्या तक्त्यात मुदतीअखेर 71,366 रुपये दिलेत. म्हटलं, अकरावीची भूमिती श्रेढी आठवते का बघू.

महिन्याचा दर 0.067/12, म्हणून r = 1.0055833 धरला. शेवटचा हप्ता भरला की खातं संपलं, त्यावर व्याज नाही. आधीच्यावर एक महिन्याचं, असं करत पहिल्यावर 59 महिन्यांचं.

```
S  = 1 + r + r^2 + ... + r^59
rS =     r + r^2 + ... + r^59 + r^60
rS - S = r^60 - 1
S = (r^60 - 1)/(r - 1) = 71.040
```

म्हणजे 71,040. वजाबाकीत मधली सगळी पदं उडतात, तिथे चूक दिसत नाही. मग 326 रुपये कुठे गेले?

शिकवणीवाले_काका

श्रेढी कशाला हवी? पहिला हप्ता 60 महिने राहतो, दुसरा 59, शेवटचा 1. बेरीज 1830. 1000 × 1830 × 6.7 ÷ 1200 केलं की व्याज 10,217.50. आयसीएसईच्या दहावीत आम्ही आरडी अशीच शिकवतो.

खडूफळा

काका, त्याने 70,217.50 येतात, फरक आणखी वाढला. हे सरळव्याज झालं ना?

एक्सेलभक्त

काकांची रीत इथे लागू नाही, पण त्यांच्या उत्तरात तुझी चूक सापडते. शेवटच्या हप्त्यालाही एक महिना मिळतो! पैसे महिन्याच्या सुरुवातीला भरायचे, खातं महिना संपल्यावर पिकतं. तुझी श्रेढी 1 पासून नाही, r पासून r^60 पर्यंत हवी. अख्ख्या बेरजेला एकदा r ने गुण.

```
=FV(0.067/12, 60, -1000, 0, 1)
```

शेवटचा 1 त्यासाठीच. उत्तर 71,436. विषय संपला.

खडूफळा

संपला कुठे? आता 70 रुपये जास्त आले!

रात्रपाळी

मध्येच विचारतो, माफ करा. माझे दोन हप्ते चुकलेत. त्यांची पदं श्रेढीतून वजा करायची का?

जुनी_पासबुकं

रात्रपाळी, नुसती वजाबाकी नाही चालणार. पोस्ट दर शंभराला महिना 1 रुपया दंड घेऊन चुकलेले हप्ते भरून घेतं. तुमचं खिडकीवरच विचारा, धागा भरकटायला नको.

खडूफळा, तुझ्या दोन चुका होत्या आणि त्या उलट्या दिशांना ओढत होत्या. पहिली एक्सेलभक्तांनी बरोबर धरली. दुसरी त्यांच्याही सूत्रात आहे: पोस्टाची चक्रवाढ दरमहा नाही, दर तिमाहीला होते. तिमाहीचा दर 6.7 ÷ 4 = 1.675 टक्के. तीन महिन्यांत रुपयाचे 1.01675 होतात. त्याला 12 ने भागलेला दर लावलास, तर तीन महिन्यांत 1.01684 होतात. एवढ्याशा फरकाचे पाच वर्षांत 70 रुपये झाले.

म्हणून महिन्याचा गुणक q असा घे, की तीनदा गुणल्यावर बरोबर 1.01675 यावेत. म्हणजे 1.01675 चं घनमूळ, 1.0055524. पुढे तुझीच वजाबाकी:

```
S  = q + q^2 + ... + q^60
qS - S = q^61 - q
S = q(q^60 - 1)/(q - 1)
```

q^60 म्हणजे (1.01675)^20, कारण पाच वर्षांत तिमाह्या वीस. ते 1.394067. त्यातून 1 वजा करून q ने गुणलं की 0.396255, आणि त्याला 0.0055524 ने भागलं की 71.366.

खडूफळा

आलं!! 71,365.83. आईला दाखवलं तर म्हणाली, मावशींनी आधीच सांगितलं होतं की.

एक्सेलभक्त

मान्य. मग माझ्या सूत्रात दराच्या जागी `1.01675^(1/3)-1` घाला, तेच येतं. पण घनमूळच का? तिमाही पुरी होईपर्यंत बँका सरळव्याज धरत असतील, तर? एका तिमाहीत तीन हप्ते, त्यांना 3, 2, 1 महिने. तिमाहीअखेर 3 + 2 × 0.01675 = 3.0335 हप्ते. मग वीस तिमाह्यांची श्रेढी. मला 71,367 आले.

जुनी_पासबुकं

तीही मांडणी तर्काला धरून आहे. पण तक्त्यात 71,366 आहेत, म्हणून पोस्टासाठी मी घनमूळच धरते. एक रुपया पूर्णांकात लपू शकतो, तेव्हा महिना 10,000 चा आकडा पाहावा: घनमुळाने 7,13,658, तुमच्या रीतीने 7,13,673. बँकांचं मात्र छातीठोक सांगणार नाही.

शिकवणीवाले_काका

परीक्षेत घनमूळ काढलंत तर मार्क जातील, एवढं लक्षात ठेवा.

खडूफळा

मावशींकडे 10,000 ची ओळ असलेला तक्ता आहे का विचारतो. सोमवारी येतात त्या.