प्रतिसाद: कॅफीनची तरतरी कमी का होते?

> "पूर्वी एका कपाने तरतरी यायची, आता दोन घेऊनही काही वाटत नाही. असं का?"

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि ते चेतापेशींवरील ए१ व ए२ए या ग्राहींना, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागांना, चिकटले की चेतापेशींचे काम मंदावून झोप दाटू लागते. कॅफीनची रेणुरचना ॲडेनोसिनशी मिळतीजुळती असल्याने ते त्याच जागा अडवते, पण ग्राहीला कार्यान्वित मात्र करत नाही. कुलपात बसणारी पण न फिरणारी किल्लीच म्हणा ना. ॲडेनोसिन त्यामुळे नाहीसे होत नाही, त्याचा संदेश तेवढा पोहोचत नाही.

हा अडथळा रोजचाच झाला की मेंदू जुळवून घेतो. प्राण्यांवरील प्रयोगांत ए१ ग्राहींची संख्या वाढलेली आढळली आहे; ग्राही वाढले की तेवढेच कॅफीन अपुरे पडते. अर्थात सवयीचे सगळे कोडे एवढ्याने सुटत नाही.

सकाळी आठला १०० मिलिग्रॅम कॅफीन घेतले आणि त्याचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा वेळ, साधारण पाच तासांचा धरला, तर दुपारी एकला ५०, संध्याकाळी सहाला २५ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम उरते. वाढलेल्या ग्राहींवर तेव्हा ॲडेनोसिनला मोकळे रान मिळते, म्हणून रोज कॅफीन घेणाऱ्या माणसाला उठताच जडपणा जाणवतो आणि पहिला कप बव्हंशी तोच भरून काढतो. कॅफीन थांबवल्यावर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागले, तर सवय जडली आहे असे खुशाल समजावे; हा त्रास साधारण दोन ते नऊ दिवसांत ओसरतो.