दाणे ठेवा, चेहराही ठेवा
> आजीच्या लग्नाचा स्कॅन स्पष्ट करायला सांगितला, तर एआयने चेहराच बदलला. प्रॉम्प्टमध्ये काय लिहू?

‘एचडी’, ‘सुंदर’ हे शब्द आधी काढा. त्यांनी कातडी गुळगुळीत होते. असं लिहून बघा:

```
फक्त मूळ फोटोत दिसणाऱ्या कडा स्पष्ट कर.
डोळे, ओठ, नथ यांचा आकार, जागा बदलू नकोस.
अस्पष्ट भाग अस्पष्टच राहू दे.
फिल्मचे दाणे चेहऱ्यावर आणि भिंतीवर सारखेच ठेव.
```

शेवटची ओळ गाळू नका, नाहीतर दाणे, म्हणजे जुन्या फोटोतले बारीक ठिपके, भिंतीवर उरतात नि गालांवरून गायब होतात. आलेला फोटो मूळ स्कॅनएवढा लहान करून त्यावर ठेवून पाहा. नथीचा मोती सरकला असेल तर बाद. आणि चेहराच जेमतेम ४० पिक्सेलचा असेल तर पापण्या त्यात नाहीतच. येतील त्या बनावट. प्रिंट हाताशी असेल तर सरळ ६०० डीपीआयला पुन्हा स्कॅन करा.