मदत हवी आहे: कंसाबाहेरचं वजा आणि पायऱ्यांचे गुण

आठवीचं गणित: 7 − 2(x − 3) = 5. पेपर दाखवताना एका अबोल मुलीशी झालेलं बोलणं:

"पहिली ओळ वाच."
"सात वजा दोन एक्स... वजा सहा."
"सहा कुठून आले?"
बराच वेळ गप्प. "दोन त्रिक सहा, बाई."
"वजा तीनला कशाने गुणलंस?"
"दोनने... नाही, वजा दोनने. म्हणजे अधिक सहा?"
"मग?"
"तेरा वजा दोन एक्स बरोबर पाच. एक्स चार."

चार घालून ताळाही तिनेच पाहिला. पण पेपरात 7 − 2x − 6 = 5 नंतरच्या ओळी, अगदी x = −2 पर्यंत, त्या चुकीला धरून अचूक आहेत. तीनपैकी एकच गुण दिलाय, मला तो कमी वाटतो. तुम्ही अशा पायऱ्यांना किती देता?