मदत हवी आहे: संकष्टीच्या रात्री चंद्र उगवला आणि तलावातले प्लवक कमी झाले

तलावकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कुडाळजवळच्या आमच्या गावच्या तलावात प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, मोजते आहे. खोली जेमतेम आठ मीटर. दिवसा हे जीव खाली काळोखात राहतात आणि रात्री शेवाळ खायला वर येतात, हे वाचलं होतं. अमावस्येला अगदी तसंच दिसलं.

परवा संकष्टी होती. आई चंद्रोदयाची वाट बघत नैवेद्य झाकून बसली होती आणि मी होडीत. साडेसातला अर्ध्या मीटरवरच्या दहा लिटर पाण्यात डॅफ्निया आणि कोपेपॉड हे प्लवक मिळून १६४ होते, सहा मीटरवर ३५. साडेनऊच्या सुमारास चंद्र उगवला. अकराला वर ३८ आणि खाली ७१. तीच बाटली, तीच जाळी, होडीही त्याच खुंटाला बांधलेली. एवढ्या लवकर कुठे गेले? माझी मोजणी चुकली का?

भरती_ओहोटी:

मोजणी चुकली नाही. उजेड नकोसा झाला की ते खाली जातात. सूर्याला घाबरतात तसे चंद्रालाही. खाली आकडा वाढलाच आहे ना? झालं उत्तर.

दर्यावर्दी:

आमी मालवणात काळोखातच जाळा टाकतंव. चांदण्यात जाळा माशाक दिसता. पण ताई, तलावात जाळी लावतास तर परवानगी घेतलंस काय?

तलावकाठ:

दादा, माझी जाळी मासे धरायची नाही. बाटलीतलं पाणी गाळायची ती बारीक जाळी आहे, तळहाताएवढी. पंचायतीला सांगून ठेवलं आहे.

सूक्ष्मदर्शी:

भरती_ओहोटी यांचं अर्धं बरोबर आहे. पण वजाबाकी करून बघा. वरचे १२६ कमी झाले, खाली वाढले फक्त ३६. उरलेल्या ९० चं काय?

मोझांबिकमधल्या काहोरा बासा या धरणाच्या जलाशयात हेच कोडं पडलं होतं. ग्लिविच या पोलिश शास्त्रज्ञाने १९८६ मध्ये मांडलं की तिथे प्लवकांची संख्या चंद्राबरोबर वरखाली होते आणि पौर्णिमेनंतर कोसळते. पौर्णिमेपर्यंत सूर्य मावळतानाच चंद्र आकाशात असतो. पौर्णिमेनंतर तो रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो. मधल्या काळोखात प्लवक निर्धास्त वर येतात आणि अचानक चांदणं पडतं. तिथले लहान सार्डिन मासे नजरेने एकेक टिपून खातात, त्यांना आयतं ताट वाढलेलं मिळतं. वर येण्याची वेळ प्लवक मावळतीच्या उजेडावरून ठरवतात. पुढे चंद्र उगवणार आहे हे त्यांना कळायला मार्ग नाही. तुमची संकष्टी नेमकी त्याच सापळ्यातली रात्र आहे.

मग ते वर येतातच कशाला? खाली पोट भरत नाही. उपाशी मादी अंडी कमी घालते. थंड देशांत खालचं पाणी बरंच गार असतं, तिथे अंडी उबायलाही उशीर लागतो. तुमच्याकडे वरखाली तापमानात किती फरक आहे?

तलावकाठ:

दोन अंशसुद्धा नाही सर.

सूक्ष्मदर्शी:

मग तुमच्याकडे गारव्याची किंमत किरकोळ, उपासमारीची मोठी. तळाचा प्राणवायू मात्र मोजा. तो कमी असेल तर खाली दडणंही महाग पडतं.

खाजणवाला:

माझ्या कोळंबीच्या तळ्यात पहाटे प्राणवायू पडतो, तेव्हा सगळं वर येतं. चंद्राचा संबंध मी कधी पाहिला नाही.

सूक्ष्मदर्शी:

तुमचं तळं उथळ, खाली दडायला जागाच नाही. तो प्रश्न वेगळा आहे.

ताई, ९० खाल्ले गेले असं लगेच लिहू नका. दोन ते पाच मीटरचं पाणी तुम्ही घेतलंच नाही, तिथे ते थांबलेले असू शकतात. दर मीटरला एक बाटली घ्या, पृष्ठभागापासून तळापर्यंत, आणि सगळ्यांची बेरीज करा. बेरीज तीच राहिली तर ते खाली गेले. बेरीज घटली तर खाल्ले गेल्याचा संशय पक्का. वाऱ्याने प्लवक एका काठाला ढकलले जातात, म्हणून होडी तीन ठिकाणी लावा. तलावात मासे कोणते आहेत?

तलावकाठ:

पंचायतीने कटला सोडलाय. शिवाय काठाला बोटभर लांबीचे चांदीसारखे मासे, थव्याने.

सूक्ष्मदर्शी:

कटला पाणी गाळून खातो, त्याला चांदण्याची फारशी गरज नाही. संशय त्या बारीक माशांवर. चंद्र उगवल्यावर तासाभराने काही पकडून पोट तपासा. डॅफ्नियाची कवचं ओळखू येतात.

भरती_ओहोटी:

बेरजेचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण अंडी घेतलेल्या माद्या जास्त ठळक दिसतात ना? अकराच्या नमुन्यात त्याच कमी असतील तर माशांनी खाल्ल्याचा पुरावा झाला की.

सूक्ष्मदर्शी:

पुरावा नाही, इशारा. अशा माद्या मुळातच खोल राहत असतील, तरी वर तसंच दिसेल.

तलावकाठ:

नमुने फॉर्मेलिनमध्ये ठेवले आहेत. आत्ता पहिली बाटली मोजली: साडेसातला वरच्या ५० डॅफ्नियांत ११ अंडीवाल्या. अकराच्या बाटलीत डॅफ्नियाच नऊ निघाले, त्यांत एक. नवावरून काय बोलणार? पुढच्या संकष्टीला आठही मीटरच्या बाटल्या घेते. आईला सांगितलंय, चंद्र दिसला की काठावरून हाक मार.