रविवारचा भाजीचा स्टॉल: शेतकरी गटाला पत्र लिहिताना तुम्ही काय लिहिलंत?

दमलेला_सचिव

ठाण्यात, घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे आमची सोसायटी. चार विंग, 312 फ्लॅट, त्यातले 270 च्या आसपास राहते. शेतकऱ्यांचा भाजीचा स्टॉल दर रविवारी आपल्या आवारात लागावा असं सर्वसाधारण सभेत ठरलं आणि पत्र लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. आमचा अनुभव सांगतो, मग तुम्ही तुमचे सांगा. चुकलेलेसुद्धा. खरं तर तेच जास्त.

पहिलं पत्र मी शाळेत शिकलेल्या पद्धतीने लिहिलं. "आमच्या सभासदांना ताजी, दर्जेदार व स्वस्त भाजी मिळावी या हेतूने आपणांस निमंत्रित करण्यात येत आहे." तीन गटांना पाठवलं. दोघांकडून उत्तरच आलं नाही. तिसऱ्या गटातून एक बाई फोनवर म्हणाल्या, "साहेब, पत्र मिळालं. पण घरं किती ते नाही त्यात. गाडी आत येते का? आणि उरलेल्या मालाचं काय?" माझ्याकडे तिन्हीची उत्तरं नव्हती.

मग विंगवार वह्या फिरवल्या. 140 घरांनी "घेऊ" असं सही करून दिलं. दुसऱ्या पत्रातला कामाचा भाग असा होता:

"राहती घरं 270. पैकी 140 घरांनी भाजी घेण्याची तयारी दाखवली आहे. पहिल्या रविवारी त्यातली निम्मी येतील असं धरून माल आणावा. वेळ सकाळी साडेसात ते साडेअकरा. जागेचं भाडं नाही. वीज, पाणी, चार टेबलं आणि क्लब हाउसचं स्वच्छतागृह पहाटे साडेपाचपासून उघडं मिळेल. भाव आपण ठरवावेत, मात्र फळ्यावर लिहावेत. सुरुवातीला आठ रविवार करू, नंतर बसून बोलू. एखादा रविवार चुकणार असल्यास शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवावं."

स्वच्छतागृहाचं वाक्य आमच्या कमिटीतल्या एका ताईंनी घालायला लावलं. मला ते पत्रात बरं दिसेना. त्या म्हणाल्या, रात्री दोनला घरून निघालेल्या बायका येणार आहेत, त्यांना कुठे पाठवणार आहात? गप्प बसलो.

आणि तरीही एक गोष्ट सुटलीच. पोडियमच्या बीमची उंची. पहिल्या रविवारी पहाटे पिकअप आला, ताडपत्रीच्या सांगाड्यासकट, आणि बीमखाली अडकला. बारा माणसांनी हातोहात कॅरेट आत नेले. तेव्हापासून पत्रात "आत येण्याची उंची साडेसात फूट" हे ठळक अक्षरात असतं.

आळेफाटा_मळा

आम्ही जुन्नर तालुक्यातले, गटात चौदा घरं. ठाण्यात दोन सोसायट्यांत बसतो. वरचं दुसरं पत्र वाचून बरं वाटलं, कारण आमचा हिशेब तिथूनच सुरू होतो. तो मांडतो, म्हणजे "घरं किती" हे का विचारतो ते कळेल.

गाडीभाडं जाऊन-येऊन, तीन माणसांची मजुरी, चहा-जेवण, पिशव्या धरून आम्हाला एका रविवारी सव्वापाच हजार लागतात. आता टोमॅटोचं घ्या. नारायणगावला 18 रुपयांनी गेला असता, तो तुमच्या दारात 35 ला विकला. सगळा माल असा धरला तर 12 हजारांच्या विक्रीत, तोच माल गावाकडे दिला असता तर मिळाले असते त्याहून साधारण पाच हजार आठशे जास्त सुटतात. म्हणजे 12 हजार विक्री झाली की आम्ही जेमतेम बरोबरीच्या पुढे. घरटी 120 रुपये धरले तर शंभर घरं आली पाहिजेत. शंभराच्या खाली रात्रीची झोप फुकट गेली.

आणि हे माल उरला नाही तर. टोमॅटो, दुधी, भोपळा परत नेता येतो. मेथी-कोथिंबीर अकरा वाजता मान टाकते, ती परत नेऊन उपयोग नाही. पहिल्या वेळी आम्ही हौसेने दोनशे जुड्या नेल्या, नव्वद उरल्या. आता पहिले तीन रविवार पालेभाजी साठ जुड्यांच्या वर नेत नाही. लोक म्हणतात "नऊ वाजताच संपली". संपू दे. ज्याला हवी तो पुढच्या वेळी साडेसातला येतो.

गटात भांडण लागतं ते उरलेल्यावरून. माझी कोबी विकली, तुझी राहिली, मग तोटा कुणाचा? आम्ही प्रत्येक कॅरेटला चिठ्ठी लावतो, नाव आणि वजन लिहून. उरलेल्याचा तोटा त्या दिवशी माल दिलेल्या सगळ्यांत वजनाप्रमाणे वाटतो. हे ठरायला दोन बैठका गेल्या, एक जण गट सोडून गेला.

काटेकोर_काका

सगळं ठीक, पण कायद्याचं कुणी बोलत नाही. बाजार समितीच्या बाहेर भाजी विकायला परवाना लागतो आणि समितीचा सेस भरावा लागतो. तुर्भ्याच्या मार्केटला माझा भाचा आहे, त्याच्याकडून माहिती आहे. सचिवांनी परवान्याची प्रत घेतल्याशिवाय गेट उघडू नये, उद्या नोटीस आली तर कमिटी अडकेल.

वाशीची_सीए

काका, ही जुनी गोष्ट झाली. 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला. शेतकऱ्याने तुमच्या आवारात येऊन थेट विकला तर समितीचा सेस नाही. पणन मंडळाचे संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार त्याच सुमारास सुरू झाले. तुर्भ्याच्या आवारात होणाऱ्या व्यवहाराचे नियम वेगळे, भाच्याचं तिथलं खरं असेल.

पण कागद मागायचेच असतील तर काट्याचा मागा. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का चालू वर्षाचा आहे का, एवढं बघा. आणि गेटबाहेर फुटपाथवर टेबल लावू नका, ती जागा महापालिकेची.

आमच्याकडे वाद झाला तो भाड्यावर. खजिनदारांचं म्हणणं, रविवारी हजार रुपये घ्या, लिफ्टच्या दुरुस्तीला होतील. मी म्हटलं, सभासदांच्या वर्गणीला करात जी मोकळीक आहे ती बाहेरच्याकडून आलेल्या भाड्याला लागू होत नाही, उगीच हिशेब वाढेल. शिवाय वर दादांनी मांडलंय तसं बघितलं तर हजार रुपये म्हणजे अजून सतरा-अठरा घरांची भाजी. ते शेवटी भावातच चढणार. खजिनदारांना अजून पटलेलं नाही.

खारघर_सेक्टर_बारा

आमच्याकडे "शेतकरी गट" म्हणून आलेले लोक शेतकरी नव्हते. सहा आठवड्यांनी कळलं. कसं? ऐन पावसात सफरचंद आणि ब्रोकोली, सगळे गाजर एका मापाचे, आणि गोण्यांवर गाळ्याचा नंबर छापलेला. पहाटे मार्केटमधून उचलायचे आणि आमच्याकडे "सेंद्रिय" म्हणून जास्त भावाने द्यायचे. माती लागलेला मुळा दिसायचा, तोही बहुधा मुद्दाम.

आता आम्ही पत्रात दोन गोष्टी मागतो: गटातल्या चार जणांचे सातबारा आणि पुढच्या दोन महिन्यांत शेतात काय उभं आहे त्याची साधी यादी. यादीच जास्त उपयोगी पडते. शेतकऱ्याची यादी तुटक असते, "भेंडी संपत आली, गवार पंधरा दिवसांनी." सगळंच बारमाही देणारा आला की सावध व्हायचं.

आळेफाटा_मळा

यादीचं पटलं. पण बटाटा-कांद्याबद्दल काय म्हणता? आमच्याकडे बटाटा सगळ्या महिन्यांत नसतो. गिऱ्हाईक म्हणतं, सगळं एका ठिकाणी मिळत नसेल तर परत बाजारात जावंच लागतं, मग तुमच्याकडे कशाला येऊ? म्हणून आम्ही बटाटा मंचरहून विकत आणतो आणि फळ्यावर "आणलेला" असं लिहितो. एका सोसायटीला ते चाललं. दुसरीने "मग तुम्ही व्यापारीच" म्हणून हाकलायचं बाकी ठेवलं.

खारघर_सेक्टर_बारा

लिहून ठेवत असाल तर मला चालेल. आमच्या कमिटीला चालणार नाही.

नेरूळचे_आजोबा

पत्र कसं लिहावं असं विचारलंय म्हणून सांगतो. महापालिकेला मंडपासाठी अर्ज करताना सोबत नकाशा जोडावा, अग्निशमनाचा ना-हरकत दाखला जोडावा, आवक क्रमांक घ्यावा. आमच्या गणपतीला मी पंधरा वर्षं हेच करतोय.

दमलेला_सचिव

आजोबा, पत्र महापालिकेला नाही, शेतकऱ्यांना लिहायचंय. पण नकाशाची सूचना घेतली. अग्निशमन गाडीची वाट मोकळी राहील अशी टेबलांची जागा खडूने आखलीय, कारण दुसऱ्याच रविवारी एका सभासदाने त्याच वाटेवर कार लावून "मग मीही इथे लावतो" म्हणून तमाशा केला होता.

कोपरखैरणेची_सून

एक बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. आमच्या गेटवर एक मावशी वीस वर्षं टोपली घेऊन बसतात. स्टॉल सुरू झाला आणि त्यांचा रविवार गेला. रविवारचाच तर धंदा असतो त्यांचा. सासूबाईंनी कमिटीला सांगितलं, मावशींना आत टेबल द्या. कमिटीने दिलं. पण गटाचा टोमॅटो 35 आणि मावशींचा 40, शेजारी शेजारी. दोन आठवड्यांत मावशी आपणहून परत गेटवर गेल्या. आता आम्ही पालेभाजी मावशींकडून घेतो, बाकीचं स्टॉलवर. सगळे तसं करत नाहीत.

दमलेला_सचिव

पत्रात आम्ही भावाला हात लावला नाही, पण वजनावरून कुरबूर व्हायचीच. "काटा मारतात" असं एकीने म्हटलं की चार जणी म्हणतात. शिक्का होता, तरी. शेवटी आमच्या एका आजींनी घरून मिठाची एक किलोची न फोडलेली पिशवी आणून काट्यावर ठेवली. आकडा आला 1.008. प्लास्टिकचं वजन धरून. ती पिशवी आता टेबलावरच असते, कोणीही ठेवून बघावं. गटातल्या ताई हसून म्हणाल्या, "आजी, मीठ आमच्याकडूनच घेतलं असतंत तर फुकट दिलं असतं."

आमचे आठ रविवार झाले. सहा बरे गेले. सातव्याला माळशेज घाटात दरड आली, गाडी चाकणवरून फिरून साडेनऊला पोचली, तोवर अर्धे लोक बाहेरून भाजी घेऊन आलेले. त्या दिवशीच्या उरलेल्या मेथीचं काय करायचं यावर पत्रात एक ओळही नव्हती. क्लब हाउसच्या पायरीवर ठेवून "दहाला दोन" असा कागद लावला, तासाभरात संपली, पण ताईंचा चेहरा उतरला होता. दहाला दोन म्हणजे गावच्या भावापेक्षाही कमी.

पुढचं पत्र जून ते सप्टेंबरचं लिहायचंय. पावसाळ्यात घाट बंद झाला तर त्या दिवसाचा तोटा कुणाचा, यावर काय लिहू? आधी पैसे भरून टोपल्या ठरवाव्यात असं गट म्हणतोय. पन्नास घरं तयार आहेत, पण "दिसल्याशिवाय भाजी घ्यायची नाही" म्हणणारे त्याहून जास्त. ज्यांनी पावसाळ्यात हे चालवलंय त्यांनी लिहा.

शहापूर_वाडी

आम्ही चालवतो. कसारा-शहापूरकडून येतो, घाट उतरायचा नाही, म्हणून गाडी सहसा अडत नाही. पण पावसात आमच्याकडे रोजची भाजी कमीच, भातलावणी असते. टाकळा, कुरडू, शेवळं अशा रानभाज्या आणतो, आणि शेवळं कशी करायची ते प्रत्येकीला सांगत बसावं लागतं. काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, घालून शिजवा, नाहीतर घसा खाजतो. एकीने ऐकलं नाही आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर ओरडली. तेव्हापासून शेवळांच्या जुडीबरोबर काकडं बांधूनच देतो, वेगळी विकत नाही. टोपलीचे पैसे आधी घेतो, पण निम्मेच.