लेकराचं नाव जन्मनोंदीत एक, शाळेत दुसरं: मराठवाड्यातले अनुभव

मीनाक्षी, हिंगोली (धागा)
नववी-दहावीत आलेल्या लेकरांच्या नावातले फरक आता 'अपार' आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा एकच क्रमांक, काढताना उघडे पडायला लागलेत. आधारवर एक नाव, शाळेत दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरं. ज्यांनी ही कामं जवळून केली आहेत त्यांनी नेमकं लिहावं, एवढीच विनंती. चर्चा भरकटू नये म्हणून एक नमुना प्रकरण समोर ठेवते.

मुलगा वसमत तालुक्यातल्या गावचा. जन्म आईच्या माहेरी, नांदेडच्या खाजगी दवाखान्यात. जन्मनोंदीत 'ओमकार', वडील 'बाळू मारोती'. गावच्या जिल्हा परिषद शाळेत 'ओंकार बाळासाहेब'. वडिलांच्या आधारवर आणि सातबाऱ्यावर 'बालाजी मारोती'. मुलगा आता नववीत, हायस्कूलला. सुरुवात कुठून करायची?

बाबुराव, अंबाजोगाई
सोपं आहे. बॉण्डवर ऍफिडेव्हिट करा, गॅझेटला नाव छापून आणा, तेच सगळीकडे जोडा. आमच्या गल्लीत दोघांचं असंच झालं.

ऍड. देशपांडे, छत्रपती संभाजीनगर
बाबुरावभाऊ, गॅझेट हे नाव बदलल्याचा पुरावा आहे. चूक सुधारल्याचा नाही. इथं वडिलांनी नाव बदललेलं नाही, ते जन्मापासून बालाजीच आहेत. गॅझेटमध्ये 'बाळूचे बालाजी केले' असं छापून घेतलंत, तर आधीचं नाव बाळूच होतं हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. मग जन्म-मृत्यू नोंदणीचा निबंधक म्हणतो, तेव्हाची नोंद बरोबर होती, दुरुस्त काय करू? मोठ्या माणसानं स्वतःहून नाव बदललं असेल तर गॅझेट हवंच. लेकराच्या नोंदीतल्या चुकीसाठी तो पहिला रस्ता नाही. ऍफिडेव्हिट लागतं, पण ते अर्जाला जोड म्हणून. नुसत्या ऍफिडेव्हिटनं कुठलंच रजिस्टर हलत नाही.

ग्रामसेवक, केज तालुका
सुरुवात नांदेडहून. जन्म जिथं झाला तिथंच नोंद असते, गाव कुठलंही असो. म्हणजे हा अर्ज नांदेड महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जाणार. वसमतकडच्या गावच्या ग्रामपंचायतीला यात काहीच करता येत नाही, तरी लोक आधी तिथंच जातात. आमच्याकडे ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांची लेकरं कारखान्याच्या हद्दीत जन्मतात, त्यांचंही तसंच. नोंद असलीच तर त्या भागातल्या निबंधकाकडे असते. तिथं नोंद झालीच नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर ती दुरुस्ती राहत नाही. ती उशिराची नोंदणी होते आणि जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 2023 च्या सुधारणेनंतर त्याला जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

आता मुद्द्याचं. अर्ज करण्याआधी नमुना 1 बघायला मागा. हा दवाखान्यानं पाठवलेला जन्म अहवाल. त्याचा कायदेशीर भाग निबंधकाकडे राहतो आणि तोच पुढं रजिस्टर होतो. तुमच्या हातातला जन्मदाखला हा नमुना 5. दोन्ही शेजारी ठेवले की चूक कुठं शिरली ते कळतं. नमुना 1 वर 'बालाजी' आणि दाखल्यावर 'बाळू' असेल, तर ती टायपिंगची चूक. निबंधक स्वतः खात्री करून ती दुरुस्त करू शकतो. पण नमुना 1 वरच 'बाळू' असेल, आणि बहुतेक वेळा तसंच असतं, तर ती आशयातली चूक. मग चूक काय, खरं काय हे सांगणारं निवेदन लागतं आणि प्रकरण माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं म्हणणं लागतं. दवाखान्याचं पत्र मिळालं तर उत्तम, पण दवाखान्याच्या रजिस्टरलाही घरच्यांनी 'बाळू'च सांगितलेलं असतं.

रेखा, लातूर
दादा, पुरावा म्हणून वडिलांचं आधार आणि पॅन चालतं ना?

ग्रामसेवक, केज तालुका
चालतं, पण कमी पडतं ताई. लेकराच्या जन्मानंतर काढलेल्या कागदानं आज नाव काय आहे ते कळतं. जन्माच्या दिवशी काय होतं ते कळत नाही. म्हणून जन्माच्या आधीचा एक तरी कागद जोडा. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना फेरफार, लग्नाची नोंद, जुनं मतदान ओळखपत्र. माझ्यापुढं अर्ज आला की मी आधी तारखा बघतो, मग नावं. आणि मूळ नोंद खोडायची नाही. त्याच कायद्याच्या कलम 15 प्रमाणे दुरुस्ती समासात लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतो. मूळ अक्षरं तशीच राहतात. कोणी व्हाइटनर लावून देतो म्हणाला तर नको म्हणा, ती नोंद पुढं बनावट ठरते.

सुनीता, धाराशिव
आमच्या मुलीच्या दाखल्यात नावाची जागाच कोरी आहे, फक्त 'मुलगी' लिहिलंय. वय 11. मलाही हेच निवेदन, साक्षीदार लागतील का?

ग्रामसेवक, केज तालुका
नाही, तुमचं वेगळं आणि सोपं. नाव चुकलेलं नाही, टाकायचं राहिलंय. 12 महिन्यांपर्यंत फी नसते, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब फी भरून नाव टाकता येतं. फक्त एक ध्यानात ठेवा: एकदा नाव टाकलं की नंतर आवडलं नाही म्हणून बदलून मिळत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग शाळेच्या रजिस्टरशी आणि आधारशी ताडून मगच अर्ज द्या.

निवृत्त मुख्याध्यापक, जिंतूर
शाळेच्या बाजूचं मी सांगतो. पालक नववीतल्या मुलासाठी हायस्कूलमध्ये अर्ज देतात आणि तिथंच अडतात. हायस्कूलचं जनरल रजिस्टर स्वतंत्रपणे लिहिलेलं नसतं. प्राथमिक शाळेच्या टीसीवरून ते नाव उतरलेलं असतं. टीसीवर 'ओंकार बाळासाहेब' असेल तर हायस्कूलचा लिपिक दुसरं काही लिहूच शकत नव्हता. म्हणून दुरुस्ती गावच्या जिल्हा परिषद शाळेपासून सुरू होते.

क्रम असा. आधी नांदेडचा दुरुस्त जन्मदाखला हातात. मग प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाकडे अर्ज. सोबत दुरुस्त दाखला, वडिलांचा जुना दाखला आणि प्रवेश-निर्गम उतारा. मुख्याध्यापक केंद्रप्रमुखामार्फत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे प्रस्ताव पाठवतो. मंजुरी आली की रजिस्टरच्या शेऱ्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहून दुरुस्ती होते. आम्ही ती लाल शाईनं करायचो. मग दुरुस्त उतारा आणि दुरुस्त टीसी घेऊन हायस्कूल. तिथून प्रस्ताव शिक्षणाधिकारी, माध्यमिक यांच्याकडे जातो. हायस्कूलला दिलेल्या प्रस्तावात प्राथमिकचा मंजुरी आदेश नसला तर तो हमखास त्रुटी काढून परत येतो.

एक कळकळीची सूचना. याच अर्जात जातीच्या रकान्यातली दुरुस्ती मिसळू नका. पुढं जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर बघतं. नावाच्या आदेशाखाली जातीच्या रकान्यातही पेन चाललेलं दिसलं तर लेकराची व्हॅलिडिटी त्यात अडकते.

रेखा, लातूर
नवीन नियमात आईचं नावही घालायचंय ना? मग आत्ताच 'ओमकार सुमन बालाजी' असं सगळीकडे करून घ्यावं का?

ऍड. देशपांडे, छत्रपती संभाजीनगर
रेखाताई, आईचं नाव मध्ये घालण्याचा नियम 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांसाठी आहे. नववीतल्या मुलाला तो लागू नाही. मुद्दाम तसं केलंत तर ती चूक सुधारणं राहणार नाही, नावातला बदल होईल, आणि साधं काम अवघड होईल.

मीनाक्षी, हिंगोली
यू-डायस, म्हणजे शाळेनं भरायची सरकारी ऑनलाइन नोंद, आणि आधार कधी करायचं? शाळा म्हणते आधी आधार आणा, आधार केंद्रवाले म्हणतात आधी दाखला आणा.

निवृत्त मुख्याध्यापक, जिंतूर
जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर, आधार, मग यू-डायस. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून अर्धवट कागदावर तिथं घाई नको. हे सगळं दहावीचा फॉर्म भरायच्या आत बसवा. फॉर्म गेल्यावर मंडळाकडून शाळेत प्री-लिस्ट येते. ती विद्यार्थ्याला आणि पालकाला दाखवायलाच हवी. इंग्रजी स्पेलिंगसह एकेक अक्षर तिथं वाचा. Omkar की Onkar हे तिथं सुटलं तर गुणपत्रिकेवर जाईल. मग शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं. हिंगोली, परभणी, बीड, जालना संभाजीनगर मंडळात, तर नांदेड, लातूर, धाराशिव लातूर मंडळात.

गणेश, परभणी
दत्तकाचं कोणी लिहीत नाही. चुलत्यानं 6 वर्षांची पुतणी घेतली आहे, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं दत्तकपत्र आहे. महापालिका म्हणते, जन्मनोंद चुकीची नाही, कशी बदलू?

ऍड. देशपांडे, छत्रपती संभाजीनगर
गणेश, निबंधकाची अडचण खरी आहे. जन्मदात्या आईबापांची नावं बरोबरच होती, त्यामुळे 'चूक दुरुस्ती' म्हणून अर्ज बसत नाही. अर्ज 'दत्तक झाल्यामुळे नोंद' असाच लिहा. त्यात जन्मतारीख आणि जन्मस्थळ तेच राहील, हे स्पष्ट घाला.

संस्थेतून किंवा बाल न्याय कायद्याखाली नातेवाइकाकडून दत्तक असेल तर कागद पक्का असतो. 1 सप्टेंबर 2022 पासून हा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि त्यावरून दत्तक आईबापांच्या नावानं जन्मदाखला मिळतो. हिंदू दत्तक कायद्याखालच्या नोंदणीकृत दत्तकपत्राला कलम 16 चं बळ आहे, ते खोटं ठरेपर्यंत खरं धरायचं. तरी काही निबंधक त्यावर काम करतात, काही दिवाणी कोर्टाचा हुकूम मागतात. लेखी नकार मागून घ्या, तोंडी नकारावर पुढं काहीच करता येत नाही. आणि दत्तकपत्रच तपासा. देणाऱ्या आई आणि वडील दोघांची संमती आहे का? मुलगी घेणारा पुरुष तिच्यापेक्षा किमान 21 वर्षांनी मोठा आहे का? हे चुकलं असेल तर अडचण महापालिकेची राहत नाही.

गणेश, परभणी
वयाचं अंतर 19 आहे. पण चुलतीचंही नाव आहे दत्तकपत्रात.

ऍड. देशपांडे, छत्रपती संभाजीनगर
मग आधी तेच सोडवावं लागेल. मुलगी घेणारा पुरुष असेल तर कलम 11 मध्ये 21 वर्षांची अट आहे. चुलतीचं नाव असल्यानं ती टळत नाही. जन्मदाखल्याचा अर्ज थांबवा. जिल्हा बाल संरक्षण कक्षात नातेवाईक दत्तकाची चौकशी करा आणि मूळ कागद घेऊन जा.

निवृत्त मुख्याध्यापक, जिंतूर
दत्तक लेकराच्या बाबतीत माझ्या शिक्षक बांधवांना एक हात जोडून सांगणं. शेऱ्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख एवढंच लिहा, 'दत्तक' शब्द लिहू नका. ते रजिस्टर लिपिक, शिपाई, पुढचे मुख्याध्यापक सगळे उघडतात, आणि टीसीवर तो शेरा नकळत उतरतो.

बाबुराव, अंबाजोगाई
पण मुलगा शाळा सोडून गेला असेल तर? माझ्या भाच्याचं दहावी होऊन झालं. शाळा म्हणते आता हात लावता येत नाही.

ऍड. देशपांडे, छत्रपती संभाजीनगर
शाळा माध्यमिक शाळा संहितेच्या 26.4 नियमाचा अर्धा भाग सांगते. शाळा सोडल्यावर बदल होत नाही, हे खरं. पण उघड दिसणारी चूक शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त होऊ शकते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं 2019 मध्ये सांगितलं आहे. उघड चूक म्हणजे रजिस्टरच्या जुन्या कागदावरूनच दिसणारी. प्रवेश अर्जावर 'बालाजी' आणि रजिस्टरला 'बाळासाहेब' असेल तर ती उघड. प्रवेश अर्जावरच 'बाळासाहेब' असेल तर तिला उघड म्हणायचं का, यावर शिक्षणाधिकारी वेगवेगळी भूमिका घेतात. भाच्याचा प्रवेश अर्ज शाळेत सापडतो का ते आधी बघा.

बाबुराव, अंबाजोगाई
शाळेची जुनी इमारत पाडली, कपाटं हलवलीत. विचारून सांगतो.